टाळूवरचे केस आणि मानेवरचे केस

[दृश्य: सलूनची खुर्ची. केस कापून झाले आहेत. कारागीर मागे आरसा धरतो.]

पंचेचाळिशीतल्या पुरुषाला आपला भोवरा विरळ झाल्याचं बहुतेक वेळा सलूनमध्येच कळतं. मागे धरलेल्या आरशात टाळूची कातडी दिसते आणि मनात येतं, हे वय झालं म्हणून आहे की टक्कल पडायला लागलंय? हा प्रश्न नीट सोडवावा असाच आहे. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला फारसं लागू पडत नाही. पण उत्तर एकट्या टाळूकडे पाहून मिळत नाही. त्याच आरशात जरा खाली बघा. एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारी, मानेच्या वरची केसांची पट्टी दिसते. निदानाची निम्मी माहिती तिथे असते.

[दृश्य: केसाच्या मुळाचं रेखाचित्र. वाढ, विश्रांती, गळणं, पुन्हा वाढ.]

डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग सुमारे ३ महिने नुसता थांबून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं या फेऱ्याचाच भाग आहे. त्यामुळे उशीवर किती केस पडले, यापेक्षा गळलेल्या केसाच्या जागी कसा केस उगवतोय, हे जास्त महत्त्वाचं.

पुरुषी टकलात बदल होतो तो इथेच. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं आणखी प्रभावी संप्रेरक तयार होतं. काही पुरुषांच्या कपाळावरच्या आणि भोवऱ्यातल्या केसांची मुळं जन्मतःच या डीएचटीला हळवी असतात. दर फेऱ्यागणिक अशा मुळाचा वाढीचा काळ आखडतो आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी तिथे नुसती लव उरते. सगळी मुळं एकाच वेगाने आक्रसत नाहीत, त्यामुळे एक जाड केस आणि त्याच्या शेजारी एक अगदी बारीक केस, असं दृश्य दिसतं. मानेवरच्या पट्टीतली मुळं मात्र सहसा डीएचटीला दाद देत नाहीत.

यात संप्रेरकाचा हात आहे, हे अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे हटू लागले. घराण्यात टक्कल नसलेल्यांचे केस टिकले. म्हणजे संप्रेरक आणि वारसा, दोन्ही लागतात. हा वारसा फक्त आईच्या वडिलांकडून येतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तो दोन्ही घराण्यांकडून येतो.

वयामुळे होणारा बदल निराळा असतो. तो पन्नाशीनंतर, बऱ्याचदा साठीच्या आसपास जाणवू लागतो. विश्रांतीचा काळ लांबतो, काही मुळं पुन्हा केस देत नाहीत, आणि आहेत ते केस थोडे बारीक होतात. हे सगळ्या डोक्यावर सारखंच घडतं. भोवरा, कानशिलं आणि मानेवरची पट्टीसुद्धा. कपाळाची रेघ फारशी हलत नाही, पण मुठीत धरलेले केस पूर्वीपेक्षा कमी भरतात. हे दोन प्रकार खरोखर पूर्ण वेगळे आहेत का, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पन्नाशीतल्या कितीतरी पुरुषांमध्ये दोन्ही एकत्र सापडतात. म्हणूनच नुसतं ‘वयोमानाने होतंय’ म्हणून कुणाला परत पाठवणं मला पटत नाही. कशाचा वाटा किती आहे, हे बघता येतं.

[दृश्य: त्वचारोगतज्ज्ञांची खोली. टेबलावर डर्मोस्कोप.]

ते कसं बघतात, यासाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ४९ वर्षांचे एक गृहस्थ, बँकेत नोकरी. सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला. डिसेंबरमध्ये अंघोळीच्या वेळी हातात पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. त्यांनी केस वाढवणारं तेल आणलं, बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. काहीच फरक पडेना तेव्हा डॉक्टरांकडे आले.

डॉक्टरांनी आधी तारखा विचारल्या. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने कमी केलेलं वजन, यानंतर २ ते ३ महिन्यांनी एकदम केस गळतात. शरीराला धक्का बसताच पुष्कळशी मुळं एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि त्यांचे केसही एकदमच सुटतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा हिशेब जुळत होता. मग ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. एरवी दोन-चार केस हाती येतात. इथे डोक्याच्या चारही बाजूंना आठ-दहा आले. म्हणजे डेंग्यूनंतरची गळती नक्की, आणि ती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

इथे थांबलं असतं तर निदान अपुरं राहिलं असतं. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे प्रकाशाची सोय असलेलं भिंग, भोवऱ्यावर टेकवलं. जाड केसांच्या मध्ये बारीक केस होते, पाचातला एक तरी बारीक, असं प्रमाण. मग तेच भिंग मानेवरच्या पट्टीवर ठेवलं. तिथले सगळे केस एका जाडीचे, दाट. भोवऱ्यात सरमिसळ आणि पट्टी एकसारखी, ही पुरुषी टकलाची खूण. पट्टीतले केसही तितकेच विरळ आणि बारीक दिसले असते, तर वयाचा वाटा मोठा मानला असता. या गृहस्थांचं टक्कल दोन-तीन वर्षांपासून हळूहळू सुरू होतं. डेंग्यूच्या गळतीने ते उघडं पडलं.

रक्ताच्या तपासण्याही झाल्या: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड. त्यांच्या ठीक निघाल्या. पण याबद्दल एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. पन्नाशीच्या पुरुषात लोह कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका. पुरुषांना पाळी येत नाही. मग लोह जातंय कुठे? मूळव्याध, जठरातला व्रण, क्वचित आतड्याचा कॅन्सर, यांतून नकळत रक्त जात असू शकतं. केसांसाठी केलेल्या तपासणीत हे सापडलं, तर आधी त्याचा शोध घ्यायचा, केसांचं नंतर बघता येतं.

[दृश्य: औषधाची बाटली, ड्रॉपर, कॅलेंडरची पानं.]

आता उपाय. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टक्कलासाठी लावण्याचं औषध म्हणून मंजूर झालं. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा. ते केसांना चोपडून उपयोग नाही, भांग पाडून कोरड्या कातडीवर लागलं पाहिजे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, कारण विश्रांतीतले जुने केस लवकर सुटतात. नेमके याच टप्प्यावर बरेच जण औषध सोडतात. परिणाम जोखायला किमान चार ते सहा महिने द्यावे लागतात. आणि औषध बंद केलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. वयामुळे आलेल्या विरळपणातही मिनॉक्सिडिल वापरून बघतात, पण अपेक्षा माफक ठेवून. काही डॉक्टर हेच औषध कमी मात्रेच्या गोळीतून देतात. पायाला सूज, छातीत धडधड असं होऊ शकतं, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी ती गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

दुसरं औषध फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅमची गोळी. ती डीएचटी तयार होणंच कमी करते. साहजिकच जिथे डीएचटी कारण आहे, तिथेच तिचा खरा उपयोग. मुख्य चाचण्यांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८३ जणांच्या भोवऱ्यातले केस टिकले किंवा वाढले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ होतं. त्या चाचण्या तरुण आणि चाळिशीपर्यंतच्या पुरुषांवरच्या होत्या. चाळिशी ते साठीच्या पुरुषांवरही वेगळी चाचणी झाली आणि फायदा दिसला, पण वय वाढेल तसा गुण कमी येत जातो.

काही पुरुषांना कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं जाणवतं. चाचण्यांत हे प्रमाण शेकडा चारच्या आसपास होतं, आणि औषध नसलेल्या गटात दोनच्या. काहींनी गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं नोंदवलं आहे. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार येणं हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं निश्चित केलं. म्हणून मन उदास राहू लागलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं. घरातही तसं सांगून ठेवावं, कारण असा बदल अनेकदा बायकोच्या लक्षात आधी येतो.

पन्नाशीतल्या माणसासाठी आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. ही गोळी प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणते. रिपोर्टवर २.४ दिसलं, तर खरा आकडा ४.८ च्या जवळ धरावा लागतो. आणि २.४ पाहून सगळे निर्धास्त होतात, धोका तिथे आहे. गोळी सुरू करण्याआधी पीएसए करून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला या गोळीबद्दल सांगा.

[दृश्य: मानेवरची पट्टी, जवळून. एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचललेला केसांचा छोटा पुंजका.]

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये पुन्हा तीच पट्टी येते. न्यूयॉर्कचे त्वचातज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं की मागचा केस पुढे लावला, तरी तो मागच्यासारखाच वागतो. सगळी शस्त्रक्रिया त्या तत्त्वावर उभी आहे. पण पट्टीतला साठा मर्यादित असतो, आणि काढलेल्या जागी नवा केस येत नाही. पट्टीच विरळ होत असेल, तर लावलेले केसही पुढे विरळ होणार, वर मागची बाजू उघडी पडणार. अशा माणसाला एकाच बैठकीत हजारो ग्राफ्टचं पॅकेज विकणं अन्यायाचं आहे. डॉक्टरांनी मागच्या पट्टीवर भिंग न लावताच ग्राफ्टचा आकडा सांगितला, तर तिथून उठावं. ही शस्त्रक्रिया औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

[दृश्य: एकाच खिडकीपाशी, एकाच कोनातून काढलेले फोटो.]

बँकेतल्या त्या गृहस्थांना डॉक्टरांनी पहिले चार महिने काहीच दिलं नाही. डेंग्यूची गळती ओसरू दिली. दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात, कोरड्या केसांचा, भोवऱ्याचा आणि मानेचा फोटो मात्र काढायला लावला. एप्रिलमध्ये गळती थांबली होती, भोवरा विरळच होता. तेव्हा त्यांनी पीएसए करून घेतलं, फिनास्टेराइडचे फायदे-तोटे ऐकले, आणि फक्त मिनॉक्सिडिल निवडलं. वर्षाने पाहिलं तर भोवरा थोडा भरला होता, कपाळ होतं तसंच राहिलं. फिनास्टेराइड घ्यावं का, याचा विचार पुढच्या भेटीत पुन्हा करायचं ठरलं आहे.