कांद्याच्या पापुद्र्याचे चित्र यंत्राकडून कसे काढून घ्यावे

अध्यक्ष महोदय आणि शिक्षक मित्रहो, पत्रिकेत माझ्या विषयात पेशी आणि चंद्राचा पृष्ठभाग अशी दोन्ही नावे छापली आहेत. चंद्राला किती वेळ उरेल याची मला आत्ताच शंका आहे, कारण कांद्याविषयी माझी एक जुनी तक्रार आहे.

एका प्रदर्शनात मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने काढलेल्या चित्राची एक स्लाइड पाहिली. खाली ‘सूक्ष्मदर्शकातून दिसणारी कांद्याची पेशी’ असे लिहिले होते. वर काळ्या पार्श्वभूमीवर एक जांभळा, चकाकणारा गोळा तरंगत होता आणि त्यात राजम्याच्या दाण्यांसारख्या तंतुकणिका व हिरवीगार हरितलवके ठासून भरली होती. चित्र देखणे होते, पण कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात हरितलवके नसतात, आणि तंतुकणिकांची अशी अंतर्रचना शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून कोणालाही दिसत नाही. (समोरचे काही चेहरे हसले, म्हणजे ती स्लाइड इतरांनीही पाहिलेली दिसते.) दोष एकट्या यंत्राचाही नव्हता. ‘सूक्ष्मदर्शकाखालची पेशी, अतिशय तपशीलवार’ एवढेच सांगितले, तर ते पाठ्यपुस्तकातील आकृती, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची रंगवलेली छायाचित्रे आणि जाहिरातींतील त्रिमित चित्रे यांची सरमिसळ करून देते.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचनेत, वस्तूचे नाव पुरेसे नाही. ती काचपट्टीवर कशी तयार केली आणि भिंगातून काय दिसले, हे लिहावे. आयोडीनचा थेंब टाकून आच्छादन काच ठेवली की केंद्रके पिवळसर तपकिरी होतात आणि बाकी पेशी फिकट राहते. हा तपशील लिहिला की रंगांचा प्रश्न बहुतांशी सुटतो.

वर्धनाचे तसे नाही. ‘४०० पट’ असे लिहून उपयोग होत नाही, कारण यंत्र भागाकार करत बसत नाही. तो आपण करावा. नेत्रिकेचा क्षेत्रांक, म्हणजे तिच्यातील दृश्य क्षेत्राचा मिलिमीटरमधील व्यास, १८ असेल आणि वस्तुभिंग ४० पटींचे असेल, तर दिसणाऱ्या गोलाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर येतो. पेशीची लांबी सुमारे ०.३ आणि रुंदी सुमारे ०.०६ मिलिमीटर धरली, तर आडव्या ओळीत एक पूर्ण पेशी व शेजारणीचा तुकडा मावतो आणि अशा सातएक ओळी एकाखाली एक येतात. प्रॉम्प्टमध्ये हीच मोजणी जाते:

“प्रकाश सूक्ष्मदर्शकातून दिसणारा कांद्याचा एकपदरी पापुद्रा, आयोडीनने रंगवलेला. गोल क्षेत्रात लांबट पेशींच्या सात आडव्या ओळी, पेशींची टोके विटांसारखी एकाआड एक. शेजारच्या पेशींची भित्तिका सामाईक, मध्ये फट नाही. प्रत्येक पूर्ण पेशीत एकच लहान तपकिरी केंद्रक, बहुतेक भित्तिकेला चिकटलेले. उरलेली पेशी जवळजवळ पारदर्शक. एका कडेला चित्र किंचित अस्पष्ट, सपाट प्रकाश, मजकूर नाही.”

यात ‘हरितलवके नकोत’ असे मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण नको म्हटलेली वस्तू पुष्कळदा चित्रात हजर होते. ‘जवळजवळ पारदर्शक’ म्हटले की तिला जागाच उरत नाही.

चित्र आल्यावर आधी सांधे पाहावेत. टोके सरकवलेली असल्यामुळे बहुतेक सांध्यांत तीन पेशी भेटतात. सगळीकडे चौकातल्यासारख्या चार भेटत असतील, तर ते फरशीचे चित्र आहे. मग केंद्रके पाहावीत. मोठी रिक्तिका केंद्रकाला कडेला ढकलते, पण वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला चिकटलेले केंद्रक वरून पाहताना मध्यावर आल्यासारखे दिसते. त्यामुळे थोडी मध्यावर दिसली तरी चालतील. सगळीच नेमकी मध्यावर असतील, तर संशय घ्यावा. मापपट्टी आणि नावे स्लाइडवर आपणच घालावीत, कारण यंत्राच्या मापपट्टीला कोणतेही माप नसते. ‘संगणकनिर्मित चित्र’ ही ओळ मात्र विसरू नये.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा चंद्र दोन मिनिटांत उरकतो. तेथेही ‘विवरांनी भरलेला पृष्ठभाग’ म्हटले की एकसारख्या आकाराच्या वाट्या मांडून मिळतात. त्याऐवजी मोठी विवरे थोडी व लहान पुष्कळ, नव्या विवराने जुन्याची कड मोडलेली, आणि मध्यवर्ती शिखर फक्त मोठ्या विवरांत, असे सांगावे. सूर्य क्षितिजाजवळ, वर डावीकडे असल्याचे लिहावे आणि प्रत्येक विवराची सावली त्याला जुळेल अशा एकाच दिशेने पडते का, हे तपासावे. स्लाइडवर बसवताना चित्र उलटे करू नये. प्रकाश खालून आला की पाहणाऱ्यांना विवरांच्या जागी टेकड्या दिसू लागतात.