नळाखालची बादली

आज फळ्यावर स्नायूच्या जोराचा आलेख काढायच्या आधी घरातली एक बादली डोळ्यांसमोर आणा. रिकामी बादली हातात घेऊन, कोपर काटकोनात वाकवून नळाखाली धरली आहे. नळ बारीक सोडलाय. पाणी वाढतंय, हात मात्र तसूभर हलत नाही. दंडाच्या स्नायूची लांबी तीच, वेग शून्य. मग वाढतं वजन पेललं जातं कसं?

मज्जारज्जूतली एक मोटर चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. पेशीने संदेश सोडला की तिचे सगळे तंतू आकसतात; अर्धे आकसले, अर्धे थांबले असं होत नाही. काही युनिट छोटी, हळू आकसणारी आणि सहसा न थकणारी; काही मोठी, जोरकस पण लवकर दमणारी. रिकाम्या बादलीला फक्त छोटी युनिट पुरतात. पाणी चढतं तशी चालू युनिट आपले संदेश भराभर पाठवू लागतात आणि त्यांच्या जोडीला पुढची, जरा मोठी युनिट येतात. सुट्टे पैसे आधी, नोटा नंतर, असा हा व्यवहार आहे. म्हणून हलकी वस्तू धरताना जोर अगदी बारकाईने कमीजास्त करता येतो. पाणी ओतून टाकलंत तर क्रम उलटा होतो: शेवटी आलेली मोठी युनिट आधी बंद पडतात.

हा क्रम मेंदू एकेक युनिट निवडून ठरवत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एल्वुड हेनेमन यांनी 1957 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून जे दाखवलं, त्याचं मर्म शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. लहान पेशीचा पृष्ठभाग कमी, म्हणून तिचा विद्युतरोध जास्त. तितकाच प्रवाह आत आला तरी तिच्यात व्होल्टेज जास्त चढतं आणि ती आधी पेटते, म्हणजे संदेश सोडते. ‘झटक्याने उचललं की मोठी युनिट थेट लागतात, छोटी मागे राहतात’ असं व्यायामशाळेत ऐकू येतं. झटक्यात मोठी युनिट कमी जोरालाच आत येतात हे खरं, पण रांग सहसा मोडत नाही. ती क्षणार्धात सरकते, इतकंच.

आता बादली भरली. ती झटकन वर उचलून पाहा, जमत नाही. सावकाश उचलता येते. प्रत्येक स्नायुतंतूच्या आत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे बारीक धागे असतात; मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, तेव्हा तंतू आकसतो. आकसण्याचा वेग वाढला की या डोक्यांना ॲक्टिनला धरायला वेळ कमी मिळतो, एका क्षणी जोडलेली डोकी घटतात आणि जोर उतरतो. ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूवर वेग आणि जोर यांचा हा वक्र मोजला. मला मात्र त्याची दुसरी बाजू जास्त आवडते. बादली सावकाश खाली ठेवताना स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो, आणि तेव्हा तो स्थिर असतानापेक्षाही जास्त भार पेलतो. लंडनच्या रॉयल सोसायटीत 1952 साली दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या होत्या. धिप्पाड पुरुष पेडल पुढे मारतोय आणि लहान चणीची स्त्री तिच्याकडची उलटी फिरणारी पेडल रोखतेय, म्हणजे तिचे स्नायू जोर लावत असतानाच ताणले जाताहेत. घामाघूम झाला तो पुरुष!

म्हणजे तीच बादली उतरवायला कमी युनिट लागतात. पण मग प्रत्येक चालू तंतूवर ताण जास्त पडतो. गड चढताना धाप लागते, पण मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या मुख्यतः उतरणीमुळे, त्याचं एक कारण हेच.

राहिली स्नायूची लांबी. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळा. आवळत नाही ना? बोटं मिटणारे स्नायू कोपराकडून येऊन मनगट ओलांडतात. मनगट वाकलं की ते आधीच आखूड होतात; आतले धागे एकमेकांत घुसून अडचण होते आणि डोक्यांना नीट पकड मिळत नाही. (पलीकडचे, बोटं उघडणारे स्नायू ताणले जाऊन अडवतात, तोही भाग यात आहे.) बेडकाच्या एकेका तंतूवर 1966 साली केलेल्या मोजमापात सार्कोमिअर, म्हणजे या धाग्यांचा एक आकसणारा कप्पा, 2 ते 2.25 मायक्रोमीटर लांब असताना जोर सर्वाधिक आला; 3.65 ला ॲक्टिन-मायोसिनची गाठच सुटली आणि जोर शून्य झाला. भरलेली बादली धरताना मनगट आत वळलं तर त्याच पकडीसाठी जास्त युनिट लागतात आणि हात लवकर दमतो.

फिजिओथेरपीतल्या, स्नायू आकसवणाऱ्या विजेच्या यंत्राने मात्र हा क्रम बिघडतो. बाहेरून दिलेला प्रवाह पेशीचा आकार पाहत नाही. इलेक्ट्रोडजवळचे आणि जाड चेतातंतू आधी पेटतात, तीच तीच युनिट पुन्हा पुन्हा राबतात आणि स्नायू काही मिनिटांत ढिला पडतो. म्हणून त्या यंत्रावर चालू वेळेपेक्षा विश्रांतीची वेळ बहुतेकदा जास्त लावलेली असते.