सुई किती दिवस फिरते?

नमस्कार, श्रोतेहो. गोदाघाटावर सकाळी फिरायला जाणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला पत्र पाठवलंय. पायरीच्या फटीत त्यांना वापरलेली सिरिंज दिसली. ते विचारतात, "नशा करणाऱ्यांना सरकारी खर्चाने नव्या सुया वाटतात म्हणे. हे म्हणजे आगीत तेल ओतणंच नाही का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याच सिरिंजबद्दल बोलू.

नशेचं इंजेक्शन शिरेत घेणारा माणूस आधी दट्ट्या थोडा मागे ओढतो. नळीत रक्त आलं की सुई शिरेत गेली, असं त्याला कळतं. औषध आत गेलं तरी सुई आणि नळीच्या सांध्यात थेंबभर रक्त उरतंच. वेगळी सुई बसवायच्या सिरिंजमध्ये ही जागा जास्त असते. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुई पक्की बसवलेली असते, त्यामुळे तिथे रक्त फारच कमी उरतं. तीच सिरिंज मित्राने घेतली, की ते रक्त थेट त्याच्या शिरेत जातं. प्रयोगशाळेत अशा उरलेल्या रक्तात एचआयव्ही काही आठवडे जिवंत राहिलेला आढळला आहे. हिपॅटायटिस सी तर त्याहून चिवट. पाण्याने एकदा खळबळून घेतलं म्हणजे झालं, या भरवशावर राहू नका.

आता हिशेब करून पाहू. एक माणूस दिवसाला तीन इंजेक्शनं घेतो, म्हणजे आठवड्याला एकवीस. त्याला दहा सुया मिळाल्या तर उरलेल्या अकरा वेळा तो काय करणार? एक तर स्वतःची जुनी सुई वापरणार, नाहीतर सोबत्याची. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी वर्षाला किमान दोनशे सुयांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते पुढे तीनशेवर नेलं. आपल्या या माणसाला मात्र वर्षाला हजाराच्या वर लागतात. म्हणून एका जुन्या सुईला मोजून एकच नवी देणारं केंद्र कागदावर नीटनेटकं दिसतं, पण कामात तोकडं पडतं.

सुया बदलून दिल्याने नेमकं काय होतं, हे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1990 साली फार हुशारीने तपासलं गेलं. तिथे दिलेल्या प्रत्येक सिरिंजवर खुणेचा क्रमांक होता. परत आलेल्या सुयांमधून नमुने घेऊन एचआयव्हीचे अंश शोधले. कार्यक्रमाआधी रस्त्यावरून जमवलेल्या सुयांपैकी सुमारे दोनतृतीयांश सुयांत विषाणूचे अंश सापडले होते. काही महिन्यांनी परत आलेल्या सुयांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं. माणसांच्या सवयी एका रात्रीत बदलल्या नव्हत्या. सुई लवकर परत येऊ लागल्यामुळे ती कमी दिवस फिरत होती, आणि तितक्या कमी हातांतून जात होती. संशोधकांच्या अंदाजाने नवी लागण सुमारे एकतृतीयांशाने घटली. मला हा पुरावा सगळ्यात पटतो, कारण इथे माणसाच्या तोंडी उत्तरावर काही अवलंबून नाही. सुईच साक्ष देते.

म्हणजे आजोबांना घाटावर दिसली तशी सुई परत घेणं हाही या कामाचाच भाग आहे. केंद्रावर जुनी सुई हाताने उचलत नाहीत, टोपणही पुन्हा लावायला सांगत नाहीत. टोचणार नाही अशा जाड डब्यात ज्याची त्याने टाकायची, आणि तो डबा जैववैद्यकीय कचऱ्यात जातो.

याच्या मर्यादाही सांगतो. नवी सुई हातात असूनही ज्या चमच्यात अमली पदार्थ विरघळवतात, जो कापूस आणि जे पाणी वापरतात, ते एकच असेल तर हिपॅटायटिस सी तिथूनही पसरतो. त्यामुळे हिपॅटायटिस सी एकट्या सुयांनी पुरेसा आटोक्यात येत नाही. त्यासोबत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं पर्यायी औषध द्यावं लागतं. सुया पुरेशा आणि हे औषधही असेल, तर लागण साधारण तीनचतुर्थांशाने घटल्याचं एकत्रित अभ्यासांत दिसलंय. मात्र हे औषध अफूवर्गीय नशेसाठी असतं, एमडी म्हणजे मेफेड्रोनच्या नशेसाठी नव्हे. आणि खिशात सुई सापडली की पकडतात अशी धास्ती असेल, तर माणूस नवी सुई घेऊन फिरतच नाही. मग तो अड्ड्यावर मिळेल ती उचलतो.

आता आगीत तेलाचं बघू. सुया दिल्याने नशा वाढल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. सिएटलमधल्या एका अभ्यासात, केंद्रावर नव्याने येऊ लागलेल्या लोकांची उपचाराला जाण्याची शक्यता कधीच न आलेल्यांपेक्षा पाचपट होती. कारण साधं आहे. सुई द्यायला रोज भेटणारा माणूस कधी ना कधी "तपासणी करून घे रे" म्हणतोच.

आपल्याकडे 2017 च्या एचआयव्ही कायद्यातही संसर्ग टाळण्यासाठी निर्जंतुक सुया पुरवणं गुन्हा ठरत नाही. नाशिककरांना तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाता येईल. एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगायची गरज नाही. आणि आजोबा, पुन्हा सुई दिसली तर उघड्या हाताने उचलू नका. सफाई कर्मचाऱ्यांना जागा दाखवा. चुकून टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सिव्हिल गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.