"असेल, पण म्हणून काय?" : बाबासाहेबांचा एक परिच्छेद कसा वाचायचा

आज एकच परिच्छेद घेऊया. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधला, चौदाव्या भागातला, समतेवरचा. हे १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण, मंडळाने ते रद्द केलं आणि बाबासाहेबांनी स्वतः छापलं, हे तुम्हाला माहितीच आहे. त्यातला जातीच्या अनुभवांचा भाग सहज वाचला जातो, पण समतेच्या परिच्छेदात बरेच जण अडकतात, कारण तिथे उदाहरण नाही, गोष्ट नाही, नुसता युक्तिवाद आहे.

सुरुवातच बघा. ते म्हणतात, समतेचे विरोधक बरोबर असतील, सगळी माणसं समान नसतात हे मान्य करावं लागेलही. आता इथेच थांबून कोणी स्क्रीनशॉट काढला तर वाटेल की बाबासाहेब समतेच्या विरोधात होते, आणि असे तुकडे फिरतातही. पण पुढचंच वाक्य आहे, पण म्हणून काय? समता ही कल्पित गोष्ट असेलही, तरी नियामक तत्त्व म्हणून ती स्वीकारावीच लागते. म्हणजे आधीची कबुली होती, मत नव्हतं. मी अशा ठिकाणी समासात पेन्सिलने 'वि' लिहिते, विरोधकांचं म्हणणं, आणि 'पण' आला की तिथून 'ले', लेखकाचं. एवढं केलं तरी अर्धा गुंता सुटतो.

मग ते विषमता फोडून दाखवतात. माणसाची ताकद तीन गोष्टींवर अवलंबून असते: शारीरिक वारसा, सामाजिक वारसा म्हणजे आईवडिलांनी केलेलं संगोपन, शिक्षण वगैरे, आणि तिसरं स्वतःचे प्रयत्न. तिन्ही बाबतीत माणसं असमान आहेत, हेही मान्य. इथे परत एक 'पण' येतो आणि प्रश्नच बदलतो. माणसं समान आहेत का हा प्रश्न मागे पडतो, असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवायचं का, हा पुढे येतो. या जागेवर जरा थांबाच, कारण इथून पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि पहिलाच प्रश्न डोक्यात धरून वाचत राहिलात तर काहीच जुळणार नाही.

आता दुसरी कबुली येते, व्यक्तिवाद्याच्या दृष्टीने प्रयत्न कमीजास्त असतील तर वागणूकही कमीजास्त असणं न्याय्य असू शकेल. 'असू शकेल' आणि 'प्रयत्नांपुरतं', दोन्ही अधोरेखित करा, कारण कबुली तिसऱ्या गोष्टीपुरतीच दिलीय. पहिल्या दोन बाबतीतही तसंच केलं तर काय होईल? जन्म, शिक्षण, घराण्याचं नाव, ओळखीपाळखी, वारशाचा पैसा ज्यांच्याकडे आहे तेच निवडले जातील, आणि ती लायकांची निवड नसेल, सवलतवाल्यांची असेल. म्हणून, आणि हा 'म्हणून' फार महत्त्वाचा आहे, ज्या कारणाने तिसऱ्या बाबतीत फरक करायचा त्याच कारणाने पहिल्या दोन बाबतीत शक्य तितकं समान वागवायला हवं. विरोधकाचंच तत्त्व उचललं आणि त्यातूनच समता काढली. मला हे वाचताना दरवेळी थरारायला होतं!

इथेच एक फसवी पाटी लागते. पुढचं वाक्य 'दुसऱ्या बाजूने' असं सुरू होतं, आपल्याला वाटतं आता उलटं काहीतरी येणार, आणि येतं काय तर समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त मिळवायचं असेल तर शर्यतीच्या सुरुवातीलाच त्यांना शक्य तितकं समान करा. म्हणजे उलटं नाहीच, त्याच बाजूला अजून एक आधार. म्हणून पाटीवर विसंबू नका, वाक्याचं वजन कुठल्या पारड्यात पडतंय ते बघा.

मग ते स्वतःच हिशोब देतात की हे एक कारण झालं, अजून एक आहे. दुसरं कारण राज्यकर्त्याचं. त्याला असंख्य माणसांशी काम, प्रत्येकात बारीक फरक करायला वेळही नाही आणि माहितीही नाही, त्यामुळे एकच ढोबळ नियम, सगळ्यांना सारखं वागवा, ते सारखे आहेत म्हणून नव्हे तर वर्गवारी अशक्य आहे म्हणून. आणि शेवटी तर ते समतेचा सिद्धांत ढळढळीत चुकीचा आहे असं सुरुवातीपेक्षाही कडक बोलतात, आणि त्याच वाक्यात म्हणतात की तरी राजकारणात पुढे जायचा तोच एक मार्ग आहे. म्हणजे पहिली कबुली त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतलीच नाही. तुमच्या वहीतल्या सारांशात 'सगळी माणसं समान आहेत असं बाबासाहेब सिद्ध करतात' असं आलं असेल तर तो खोडा, आणि 'असमान असली तरी समान वागवायलाच हवं' असं लिहून मग पुढच्या पानावर जा.