चोराचं वकीलपत्र

नमस्कार मंडळी, मी मुंबईतल्या किल्ला कोर्टात बरीच वर्षं फौजदारी वकिली केली, आता निवृत्त आहे, गिरगावात राहतो. आजचा विषय आहे कायदेशीर, नैतिक आणि एथिकल यातला फरक. हा विषय माझ्या आईनं एका प्रश्नात संपवला होता, ती भाजी निवडताना म्हणायची, अरे त्या माणसानं चोरी केली हे तुला माहितीये तरी त्याचं वकीलपत्र घेतोस, लाज नाही वाटत? आणि मला धड उत्तर देता यायचं नाही.

आधी शब्दांची गडबड मिटवू. मराठीत मॉरल पण नैतिक आणि एथिकल पण नैतिक. मूळची ही जोडी तशीच आहे म्हणा, एथिक्स ग्रीकातून आला आणि त्याला लॅटिनमध्ये शब्द हवा म्हणून सिसेरोनं मॉरल घडवला, हा सिसेरोसुद्धा वकीलच, म्हणजे घोळ आमच्याच धंद्यातला. पण आज आम्ही वकील रोजच्या बोलण्यात फरक करतो तो असा की जाब कोण विचारणार ते बघायचं. कायदा मोडला तर जाब पोलीस आणि कोर्ट विचारतं. एथिक्स मोडलं तर तुमच्या धंद्यातली माणसं विचारतात, म्हणजे आमच्याकडे बार कौन्सिल, ती ताकीद देते, सनद काही काळ थांबवते, अगदीच झालं तर काढूनच घेते. आणि मॉरलचा जाब रात्री आपण आपल्यालाच देतो, किंवा आई विचारते.

आता एक केस सांगतो. नाव, साल, वस्ती सगळं बदललंय, कारण अशिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट केस संपल्यावर पण गुपितच राहते, पुरावा कायद्यातच तसं आहे. तर मोबाईलचं दुकान, रात्री शटर वाकवून अकरा फोन गेले. पोलिसांनी एका पोराला उचललं, त्याच्या खोलीत चार फोन सापडले, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 457 आणि 380, म्हणजे रात्रीची घरफोडी आणि चोरी. पोरगा लॉकअपमधून बाहेर आल्यावर मला सरळ म्हणाला, साहेब केलं मी.

आता आईच्या हिशोबानं मी तिथेच उठून जायला हवं होतं. पण बार कौन्सिलचा नियम उलटा आहे, आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा. कारण ठरवायचं न्यायाधीशानं. मी माझ्या ऑफिसात बसून निकाल द्यायला लागलो तर उद्या खरोखर निर्दोष माणूस येईल, मला त्याचा चेहरा आवडणार नाही आणि तो वाऱ्यावर.

पण बचाव करायचा म्हणजे काहीही करायचं असं नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं. पोराचा भाऊ आला, म्हणाला मी साक्ष देतो की तो त्या रात्री घरीच होता. मी म्हटलं नाही, मला माहितीये हे खोटं आहे, खोटी साक्ष हा गुन्हा आणि ती माहीत असून उभी केली तर माझी सनद पण जाईल. तो चिडला, मग फी कशाची घेता? माझा ज्युनियर म्हणाला, दुकानातल्या नोकराच्या उलटतपासणीत टाकू या, तूच किल्ली दिलीस ना म्हणून. तसा प्रश्न विचारला म्हणून कोणी मला जेलमध्ये टाकलं नसतं. पण मला खरा चोर माहीत होता आणि समोर उभा नोकर सोळा-सतराचा, कोर्टात कपाळाला घाम. ते मी केलं नाही.

मग केलं काय, तर पंचनामा वाचला. दुकानदाराच्या बिलांवर प्रत्येक फोनचा आयएमईआय नंबर होता, पण पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं नुसतं काळ्या रंगाचे चार मोबाईल, नंबर नाहीत, पाकिटाला लाखेचं सील नाही. मग हे तेच चार फोन कशावरून? तपास अधिकाऱ्याला सांगता येईना. संशयाचा फायदा देऊन पोरगा सुटला.

बघा, मी खोटं बोललो नाही, कायदा मोडला नाही, धंद्याचा नियम पाळला. आणि जिन्यात दुकानदार भेटला, काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण पुढच्या वेळी पंचनामा नीट लिहायला लागू दे पोलिसांना, असं मी स्वतःला समजावलं आणि ते अर्धं खरं पण आहे.

हेच मोठ्या प्रमाणात 26/11 नंतर मुंबईनं बघितलं. पकडलेल्या दहशतवाद्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव इथल्या वकिलांच्या एका संघटनेनं केला. मनानं आपण सगळे त्या बाजूला होतो, मीही होतो, खोटं कशाला बोलू. पण 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं कोईमतूरच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलं की असले ठराव बेकायदा आणि वकिलीच्या नीतीविरुद्ध आहेत. आणि इथे 2009 मध्ये कोर्टानं नेमलेल्या वकीलबाईंच्या घराबाहेर निदर्शनं झाली, तरी त्या केसमधून गेल्या त्या निदर्शनांमुळे नाही, तर त्याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं वकीलपत्र त्यांच्याकडे होतं म्हणून. एकाच भांडणात दोन्हीकडून उभं राहायचं नाही हा नियम. लोकांचा राग एका गोष्टीवर आणि नियम बोट ठेवतो दुसऱ्याच गोष्टीवर, हा फरक मला इतका स्वच्छ परत कधी दिसला नाही. खटला मात्र वकिलासकट पूर्ण चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर 2012 मध्ये येरवड्याला फाशी झाली.

उलटं पण होतं बरं का. लोकलमधून पडून नवरा गेलेली बाई येते, हातात कोर्ट खर्चाला पण पैसे नाहीत. वकील म्हणतो, आत्ता काही देऊ नका, भरपाई मिळाली की त्यातला वीस टक्के माझा. ऐकायला किती माणुसकीचं, आणि अमेरिकेत अपघाताच्या केसेस सर्रास अशाच चालतात. आपल्याकडे मात्र निकालावर टक्का ठरवणं हे वकिलाचं गैरवर्तन आहे, असा करार कोर्टात टिकत पण नाही. कारण वकिलाचा हिस्सा त्या पैशात अडकला की तो खोटे कागद करायला पण तयार होईल, ही भीती. पण त्या बाईनं करायचं काय? मोफत कायदेसेवा असते, तिथे नंबर लावायचा, आणि टक्केवाल्याचं कार्ड तिच्या हातात हॉस्पिटलच्या दारातच पडलेलं असतं. इथे मला अजून पटत नाही की नियम बरोबर आणि ती बाई चूक.

तो दुकानदार मला बऱ्याच वर्षांनी परत भेटला. घरमालक गाळा खाली कर म्हणत होता आणि त्याला वकील हवा होता, म्हणाला साहेब तुम्हीच पाहिजे, त्या वेळेला तुम्ही आमच्या हवालदाराला काय झोडला होता! जुनी केस कधीच संपलेली, विषय वेगळा, कायद्यानं अडचण नव्हती आणि माझ्या समजुतीनुसार बार कौन्सिलच्या नियमानं पण नव्हती. पण त्याच्यासमोर बसून, त्याचा चहा पिऊन, त्याच्या दुकानाची फाइल उघडणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी त्याला सांगितलं की तारखा फार आहेत, आणि फाइल मित्राकडे पाठवली. तारखा त्या महिन्यात दोनच होत्या.