उत्तर तेच, अपमान नवा

मंडळी, संगणकावर माउसनं वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायची, अशा पॉइंट-अँड-क्लिक खेळांतल्या फक्त दोन कोड्यांबद्दल आज मी बोलणार आहे. एक उत्तम, एक फसलेलं. दोन्ही एकाच मालिकेतली, आणि दोन्हींच्या मागे रॉन गिल्बर्ट हाच माणूस.

पहिलं १९९० च्या 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड'मधलं. नायक गायब्रश थ्रीपवुड याला समुद्री चाचा व्हायचंय, आणि त्यासाठीच्या तीन परीक्षांपैकी एक म्हणजे बेटावरच्या सर्वांत तरबेज तलवारबाजाला हरवणं. जुन्या तलवारबाजीच्या सिनेमांत पात्रं तलवारीइतकीच जिभेनंही लढतात, हे गिल्बर्टच्या लक्षात आलं होतं. म्हणून इथे बोटांच्या चपळाईला काही कामच नाही. समोरच्यानं अपमान करायचा, आपण त्याला नेमकं उत्तर द्यायचं. उत्तर चपखल बसलं की तो मागे हटतो.

गंमत अशी की सुरुवातीला आपल्याला जवळजवळ काहीच येत नसतं. रस्त्यावर भेटेल त्या चाच्याशी भिडायचं. तो म्हणतो, "गवळ्यासारखा लढतोस!" आपल्याकडे उत्तर नसतं, आपण हरतो. पण तो अपमान आता आपल्या यादीत आला. पुढच्या चाच्यावर आपण तोच फेकतो. त्याला उत्तर माहीत असेल तर तो म्हणतो, "साजेसंच आहे, तू गाईसारखा लढतोस." पुन्हा हरलो, पण आता उत्तरही आलं. म्हणजे शिकायचा रस्ता हरण्यातूनच जातो, आणि हरल्यावर कोणी मरत नाही, खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. इतर खेळांत पिशवीत दोर, कंदील, किल्ल्या गोळा होतात. इथे वाक्यं गोळा होतात.

मग आपण कार्ला या तलवारबाज बाईसमोर उभे राहतो. पाठांतर पक्कं झालेलं असतं, आणि ती तोंड उघडते तर सगळे अपमान नवे! आपल्याकडे मात्र जुनीच उत्तरं. इथे थांबून विचार करावा लागतो. एका चाच्यानं म्हटलं होतं, की लवकरच माझी तलवार तुझ्या आरपार असेल, कबाबाच्या सळईसारखी. त्याचं उत्तर, "आधी ती पिसांच्या झाडणीसारखी हलवणं थांबव." आता कार्ला म्हणते, "माझी जीभ कुठल्याही तलवारीपेक्षा धारदार आहे." तेच उत्तर द्या. तलवारीची झाली जीभ, आणि वाक्य पहिल्यापेक्षा जास्त झोंबतं! मराठीत तलवारही स्त्रीलिंगी, जीभही, त्यामुळे 'ती' दोन्हीकडे अलगद बसते. गाईच्या उत्तराचं तसं नाही. कार्ला रक्ताचा थेंब न् थेंब दुधासारखा पिळून काढायची धमकी देते, तिथे गाईचंच उत्तर लागतं. पण चाच्याला 'लढतोस' म्हणू, तिला 'लढतेस' म्हणावं लागेल, आणि उत्तर तर अक्षरशः तेच हवं. मराठीत आणायचं तर "साजेसंच आहे, तुझं लढणं गाईसारखंच" असं काहीतरी करावं लागेल. इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

इथे विनोद कळला की कोडं सुटतं. उत्तर पाठ करून भागत नाही, ते का झोंबलं ते कळलेलं असावं लागतं. मला तरी संवादाचं यापेक्षा नेटकं कोडं माहीत नाही.

दुसरं कोडं १९९१ च्या दुसऱ्या भागातलं. एका धबधब्याचा पंप बंद करायचाय, म्हणजे मागचं भुयार मोकळं होईल. पंप फिरवायला हत्यार हवं. वेगळ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत असतं, पियानोवर ताल मोजायचा, डुलत्या काट्याचा मेट्रोनोम असतो. त्यावर केळं ठेवायचं. केळं इकडून तिकडे हलताना बघून माकड खिळून जातं. ताठरलेलं माकड उचलायचं आणि त्यानंच पंप फिरवायचा. का? तर अमेरिकेत अशा हत्याराला 'मंकी रेंच' म्हणतात म्हणून. ज्याच्या बोलीत हा शब्दच नाही, त्यानं कितीही डोकं लढवलं तरी ते कळणार कसं? विनोद इथेही आहे, पण तो खेळाच्या बाहेर, शब्दकोशात राहतो. कार्लाचं कोडं सोडवायला लागणारं सगळं रस्त्यावरच्या चाच्यांनी आधीच आपल्या हाती दिलेलं असतं.

आपण त्या हत्याराला पान्हा म्हणतो. आता समजा, एखाद्या मराठी खेळात नट घट्ट बसलाय, पान्हा कुठेच मिळत नाही, आणि गोठ्यात एक गाय वासरासाठी हंबरतेय. तुम्ही आत्ताच हसलात, म्हणजे कोडं तुमचं सुटलं! पण पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला पान्हा फुटणं माहीत नसेल, तर तो त्या गोठ्यात तासन् तास अडकेल. म्हणून असा खेळ करणाऱ्यानं आधी गावातल्या एखाद्या आजीच्या तोंडून, सहज गप्पांत, "वासरू दिसलं की गाईला पान्हा फुटतो" हे वाक्य खेळाडूच्या कानावर घालावं. एकदाच, आणि नट दिसायच्या बरंच आधी.

कोडं बरं की वाईट, हे मी उत्तर कळल्यावर ठरवते. अडकल्यावर पिशवीतली प्रत्येक वस्तू दिसेल त्या गोष्टीवर घासून बघायला लागलात, तर समजा धागा सुटलाय. मग नेटवर उत्तर बघा, हरकत नाही. ते वाचून "अरे, हे तर समोरच होतं!" असं तोंडातून निघालं, तर चूक आपली. "हे सुचणार कसं?" असं वाटलं, तर ती कोडं रचणाऱ्याची.

हे दोन्ही खेळ आजच्या संगणकावरही 'स्कमव्हीएम' या मोफत प्रोग्रॅमच्या आधारे चालतात, मूळ खेळ मात्र विकत घ्यावा लागतो. खेळताना शेजारी वही ठेवा. एका बाजूला अपमान, दुसऱ्या बाजूला उत्तरं लिहा, आणि कार्लासाठी तिसरा रकाना रिकामा सोडा.