पो कुठे बसतो?

मुलींनो, आणि मागच्या बाकावरच्या ब्रदर मंडळींनो, तुमच्यापैकी निम्म्याजणी वर्षभरात परदेशी जाणार, आणि तिथे तुमच्या शेजारच्या बेडवर ड्यूटी करणारी सिस्टर बहुतेक फिलिपिनो असणार. तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा तिच्या भाषेत कशा द्यायच्या, एवढाच आजचा विषय. त्यातही ‘पो’ आणि ‘ओपो’ हे दोन आदराचे शब्द. एवढ्याशा शब्दांवर तास कशाला, असं बाईंनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, तासही कमीच पडेल.

आधी माझी तक्रार सांगते, म्हणजे मी हे का धरून बसलेय ते कळेल. मी आखाती देशात गेले तेव्हा तिथल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात दिला होता. कुठल्या देशाच्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं याचा. फिलिपिनोंच्या रकान्यात एकच ओळ: वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावा, आदर दिसतो. बस. मी तो कागद जपून खिशात ठेवला आणि त्यावर विश्वास ठेवला. तुम्हालाही असाच कागद मिळेल. म्हणून आज आले.

आमच्या मजल्यावर एक सिनियर होती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. तिला सगळे ‘आते’ म्हणायचे. मला पहिल्यांदा ऐकून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, आतेबहीण, आतेभाऊ आपल्या तोंडात असतातच. पण त्यांची आते म्हणजे मोठी बहीण. फुकियेनी चिनी बोलीतून तगालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या त्यांच्या भाषेत, आलेला शब्द आहे तो. मोठ्या भावाला ‘कुया’, तोही तिथलाच. नाव एकटं घेऊन वयाने मोठ्या माणसाला हाक मारत नाहीत. नावाआधी आते नाही तर कुया लावायचं, किंवा नाव न घेता नुसतं आते. आपल्याकडे ताई म्हणतो तसं.

तर आतेचा वाढदिवस होता. ती स्वतःच पहाटे उठून पान्सित करून आली होती. पान्सित म्हणजे शेवया, पण बोटभर नाहीत, लांबच लांब. कोबी, गाजर, थोडं चिकन आणि वरून पिळायला कालामान्सी, म्हणजे आपल्या लिंबाचं लहान, गोल, वेगळ्याच वासाचं भावंडं. वाढदिवसाला शेवया आखूड करत नाहीत, कारण लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य. मी चमच्याने तोडायला गेले तर बाजूच्या मुलीने माझा हात धरला. तेवढ्या पॅन्ट्रीत सहाजणी उभ्या होत्या, नाइटच्या मुली हँडओव्हर देऊन अजून निघाल्या नव्हत्या, आणि मी मोठ्या हौसेने माझं कार्ड पुढे केलं. रात्री बसून लिहिलेलं. त्यावर होतं:

मालिगायांग काआरावान सा इयो पो, ओपो.

आतेने वाचलं. हसली नाही. तिने खिशातलं पेन काढलं, एक शब्द उचलून पुढे आणला असा बाण काढला, एक शब्द खोडला, एक अक्षर बदललं, आणि मला परत दिलं. मग मिठी मारली. ते कार्ड माझ्याकडे आहे अजून. ते दुरुस्त झाल्यावर असं दिसतं, फळ्यावर लिहिते:

मालिगायांग काआरावान पो सा इन्यो.

आता बघा, तीनच दुरुस्त्या आहेत आणि त्या तिघींमध्ये सगळं व्याकरण आलं.

आधी अर्थ. ‘मालिगाया’ म्हणजे आनंदी. ‘आराव’ म्हणजे सूर्य आणि दिवससुद्धा, आणि त्याच्या पुढेमागे ‘का’ आणि ‘आन’ लागून ‘काआरावान’, जन्मदिवस. मधला जो ‘ङ’ ऐकू येतो तो दोघांना जोडणारा धागा आहे. ‘रंग’ म्हणताना ग येण्याआधी नाकात जो आवाज होतो तेवढाच, शेवटी ग म्हणायचा नाही. या धाग्याने विशेषण आणि नाम एक गाठोडं होतं. ‘सा इन्यो’ म्हणजे तुम्हाला.

पहिली दुरुस्ती ‘पो’ची जागा. कागदावर लिहिलं होतं, शेवटी लावा. पो शेवटी जात नाही. तो वाक्यात दुसऱ्या जागेवर बसतो, पहिल्या शब्दाला किंवा पहिल्या गाठोड्याला चिकटून. शुभेच्छा हे बांधलेलं गाठोडं, म्हणून ‘मालिगायांग काआरावान’ संपलं की लगेच पो, आणि ‘सा इन्यो’ त्यानंतर. ‘सालामात पो’, म्हणजे धन्यवाद, यात पो शेवटी दिसतो, कारण वाक्यच दोन शब्दांचं आहे. कागद लिहिणाऱ्याने असलीच दोन शब्दांची वाक्यं ऐकली असणार आणि त्यावरून नियम केला असणार. लांब वाक्य आलं की तो नियम कोसळतो. ‘साना पो लागी कायोंग मालुसोग’ म्हणजे तुम्ही नेहमी निरोगी असा हीच इच्छा. साना म्हणजे ‘असं व्हावं’, तो पहिला शब्द, पो त्याच्या पाठीवर, बाकी सगळं मागे. हे वाक्य कार्डावर दुसरी ओळ म्हणून लिहा, फार आवडतं.

दुसरी दुरुस्ती इयोचा इन्यो. आणि इथे मराठी माणसाला दोन पावलं पुढे असायला हवं, पण आपण इंग्रजीतून शिकतो म्हणून मागे पडतो. इंग्रजीत एकच शब्द, मग कुठला घ्यावा कळत नाही. मराठीत घ्या. ‘इकाव’ आणि त्याचं छोटं रूप ‘का’ म्हणजे तू, ‘कायो’ म्हणजे तुम्ही. अनेकांना उद्देशून कायो, आणि एकाच मोठ्या माणसाला आदराने कायो. हुबेहूब आपलं. सा इयो म्हणजे तुला, सा इन्यो म्हणजे तुम्हाला. मी लिहिलेलं वाक्य मराठीत ऐका: ‘अहो, तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ झालं ना कानाला कसंतरी? तिथली तरुण मुलं बोलताना पो आणि का एकत्र करतात, ऐकाल तुम्ही. पण पाहुण्याने कार्डावर लिहायचं ते कायो-इन्योच.

यातलं मला सगळ्यात लोभस वाटतं ते वेगळंच. मराठीत आदर क्रियापदात बसतो. ‘जेवलास का’ आणि ‘जेवलात का’. कोणाचं नाव न घेताही कळतं. तगालोगमध्ये क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही. ‘कुमाइन’, म्हणजे जेवण झालं, हे तूलाही तेच आणि तुम्हीलाही तेच. मग आदर ठेवायचा कुठे? म्हणून त्यांच्याकडे कायो आणि पो, दोन्ही लागतात. पो हा वाक्याला बांधलेला वेगळा दागिना नव्हे, आपल्या ‘लात’मधल्या ‘त’चं काम तो करतो. हे कळलं तेव्हा मी ड्रेसिंग ट्रॉलीपाशी उभी होते आणि…

दहा मिनिटं? बरं. चिठ्ठी मिळाली. ‘ओपो’ राहिलाय, तोच तर सांगायचा होता. भरभर घेते, लिहून घ्या.

तिसरी दुरुस्ती होती खोडलेला ‘ओपो’. ओपो हा शोभेचा शब्द नाही. तो आहे आदराचा होकार, ‘हो’. मित्राला ‘ओओ’, मोठ्यांना ‘ओपो’. शुभेच्छेत कोणी प्रश्नच विचारलेला नाही, तर हो कशाला म्हणायचं? आणि ‘ओओ पो’ असं जोडायचंही नाही, त्या दोघांचा मिळूनच ओपो झालाय. नकार द्यायचा असेल तर ‘हिन्दी पो’. हो, आपल्या कानाला भाषेचं नाव वाटतं, पण हिन्दी म्हणजे नाही. मोठ्या माणसाने लांबून हाक मारली आणि तुम्हाला ‘काय म्हणालात?’ म्हणायचंय, तर मात्र नुसतं ‘पो?’ चालतं. तेवढी एकच जागा जिथे तो एकटा उभा राहतो.

पार्टीत ओपो लागतोच. आते हातात थाळी देऊन विचारणार, ‘कुमाइन का ना बा?’ जेवलीस का? ती मोठी, म्हणून तिने ‘का’ म्हणायचं. तुम्ही जेवला असाल तर ‘ओपो’. नसाल तर ‘हिन्दी पा पो’, अजून नाही. आता तुम्ही तिला उलट विचारा: ‘कुमाइन ना पो बा कायो?’ दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. तिच्या वाक्यात ‘का’ कुमाइनला लगटून बसला. तुमच्या वाक्यात ‘कायो’ सगळ्यात मागे गेला. कारण का एका अक्षराचा, हलका, तो पुढे घुसतो. कायो दोन अक्षरांचा, तो ‘ना’, ‘पो’, ‘बा’ या सगळ्या छोट्यांना पुढे जाऊ देतो. ‘ना’ म्हणजे एव्हाना आणि ‘पा’ म्हणजे अजून, हे दोघे नेहमी पोच्या आधी. म्हणून ‘पा पो’, ‘ना पो’. ‘पो पा’ कधीच नाही. चुकलात की कळेल कसं? समोरची क्षणभर थांबते आणि तुमचं वाक्य हळू आवाजात स्वतःशी नीट करून म्हणते. ते ऐका, तीच तुमची शिकवणी.

उच्चार. पो लांबवू नका. वाक्याच्या टोकाला आला तर घशात हलका अडसर देऊन तो बंद होतो, चटकन.

कोणाला लावायचा? वयाने मोठी, हुद्द्याने वरची, अनोळखी, पेशंट, पेशंटचे नातेवाईक. बरोबरीच्या मैत्रिणीला नाही. मी माझ्याच वयाच्या एका मुलीला आठवडाभर पो लावला, तर तिने विचारलं, आपलं काही बिनसलंय का? तिला कार्ड लिहायचं तर ‘मालिगायांग काआरावान सा इयो’, पोशिवाय. आणि तोंडी म्हणायचं असेल तर त्या स्वतः ‘हॅपी बर्थडे पो, आते’ असंच म्हणतात. मालिगायांग काआरावान जरा लेखी, समारंभाचं वाटतं. कार्डावर ते, पॅन्ट्रीत हे.

एकच मिनिट, बाई. शेवटचं, कागदात कधीच नसतं ते. फिलिपिनो म्हणजे तगालोगच असं नाही. ‘फिलिपिनो’ ही त्यांची राष्ट्रभाषा असं 1987 च्या राज्यघटनेत लिहिलंय, ती तगालोगवर बेतलेली आहे, आणि शाळेत ती सगळे शिकतात. पण सेबू, दावावकडच्या सिस्टर घरी बिसाया बोलतात, आणि बिसायात मुळात पो-ओपो नाही. त्या आदर आवाजाने आणि आते-कुयाने दाखवतात. त्यांना तुमचं कार्ड कळेल, आवडेलही, पण ते त्यांच्या आईच्या तोंडचं नसेल. म्हणून कार्ड घेण्याआधी, चहा घेताना सहज विचारा, ‘तागा साआन पो कायो?’ कुठल्या तुम्ही? लिहून घ्या. तागा, साआन, पो, कायो. बघा, इथे ‘तागा साआन’ गाठोडं, पो त्याला लागून, आणि कायो शेवटी. ती मनिला, बातांगास किंवा बुलाकान म्हणाली तर कार्डावर दोन्ही ओळी लिहा. सेबू म्हणाली तर तिथेच वही पुढे करा आणि तिच्याकडूनच लिहून घ्या.